‘ग्रुपवर ठरलंय, तेवढा मेल टाका’ : न पाहिलेल्या चर्चेतले निर्णय ईमेलवर कसे कळवावेत

सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजर म्हणून नव्याने लागलेल्या माणसाला, किंवा कमिटीत नुकतंच सहसचिवपद गळ्यात पडलेल्याला, पहिल्या महिन्याभरात हा फोन हमखास येतो. सचिव घाईत असतात, मागे ट्रॅफिकचा आवाज असतो, आणि सांगणं साधारण असं असतं :

“परवा ग्रुपवर सगळं ठरलंय. टाकी साफ करायचीय रविवारी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्या दुसऱ्याला द्यायचं. आणि हॉलचं भाडं पाडव्यापासून वाढवायचं. एवढं आजच सगळ्यांना मेल करून टाका.”

ग्रुप म्हणजे कमिटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तुम्ही त्यात नाही. आज घेतलं तरी आधीचे संदेश तुम्हाला आपोआप दिसणार नाहीत. म्हणजे चर्चा तुम्ही पाहिलेली नाही, पण तिचा गोषवारा मात्र तुमच्या हातून, सोसायटीच्या ईमेलवरून, शंभरेक सभासदांकडे जाणार आहे. हाच प्रसंग धरून सगळं काम पायरीपायरीने करू. आकडे आणि तारखा उदाहरणासाठी घेतल्या आहेत. मंगळवार, १० मार्चला फोन आला आणि ग्रुपवरची चर्चा रविवारी, ८ मार्चला रात्री झाली, असं समजा.

आधी हा मोह टाळा

नवखा माणूस काय करतो, तर ऐकलेली तीन वाक्यं ऑफिसच्या मराठीत घालतो. “व्यवस्थापन समितीने सर्वानुमते असा निर्णय घेतला आहे की, रविवार दि. १५ मार्च रोजी पाण्याची टाकी साफ करण्यात येईल.” वाचायला कसं भारदस्त वाटतं. पण यातलं ‘सर्वानुमते’ कुठून आलं? सचिव तसं म्हणाले नव्हते. ‘१५ मार्च’ही म्हणाले नव्हते, ते ‘रविवारी’ म्हणाले होते. ‘टाकी’ एकच की खालची आणि गच्चीवरच्या मिळून सगळ्या, हेही त्यांनी सांगितलं नव्हतं. सरकारी वळणाच्या भाषेत रिकाम्या जागा शोभत नाहीत, म्हणून लिहिणारा त्या नकळत भरून टाकतो. खोटं बोलण्याचा हेतू नसतो, पण पुढे कोणी “सर्वानुमते कसं? मी तर विरोध केला होता,” म्हणत ऑफिसात आलं, की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

तेव्हा मेलची खिडकी उघडण्याआधी वही उघडा.

पायरी पहिली : फोनवरचं जसंच्या तसं उतरवा आणि त्यातली भोकं शोधा

सचिवांचे शब्द त्यांच्याच भाषेत लिहा. ‘दुसऱ्याला द्यायचं’ असं म्हणाले असतील तर तेच. त्याखाली फोनची तारीख आणि वेळ. मग प्रत्येक विषयाला हे प्रश्न लावा : नेमकं काय, किती, कधीपासून, कोण करणार, आणि होकार कोणाकोणाचा. ज्याचं उत्तर वहीतल्या शब्दांत नाही, तिथे प्रश्नचिन्ह.

आपल्या प्रसंगात हे केलं की चित्र असं दिसतं.

टाकी : कुठली? रविवार कुठला? ८ तारखेच्या रविवारी रात्री कोणी ‘पुढच्या रविवारी’ लिहिलं असेल, तर निम्म्या लोकांच्या मनात १५ असतो आणि निम्म्यांच्या २२. पाणी किती वाजता बंद होणार आणि कधी सुरू होणार? सभासदाला टाकी स्वच्छ होतेय यापेक्षा बादल्या कधी भरून ठेवायच्या याच्याशी जास्त मतलब असतो.

वॉटरप्रूफिंग : ‘दुसरा’ म्हणजे तुलनात्मक तक्त्यातलं दोन नंबरचं कोटेशन, की नेहमीचा ठेकेदार सोडून दुसरा? हे दोघे वेगळे असू शकतात. रक्कम किती, आणि ती जीएसटी धरून की वगळून? समजा कोटेशन ३,८५,००० रुपयांचं आहे. १८ टक्के जीएसटी वर असेल तर तेच ४,५४,३०० होतं. जवळजवळ सत्तर हजारांचा फरक आणि फोनवर त्याचा उच्चारही झालेला नाही.

हॉल : भाडं किती होतं आणि किती झालं? पाडव्यापासून म्हणजे १९ मार्चपासून होणाऱ्या कार्यक्रमांना, की १९ मार्चपासून होणाऱ्या बुकिंगला? एप्रिलमधल्या मुंजीसाठी ज्यांनी फेब्रुवारीत पैसे भरलेत त्यांचं काय? माझ्या मते तिन्हींत सर्वांत जास्त वाद याच ओळीवरून होतात, कारण रक्कम लहान असली तरी ती प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून दिसते.

पायरी दुसरी : मूळ चर्चा मागा, आणि नेमक्या रूपात मागा

“सर, ती चर्चा पाठवता का?” असं मोघम विचारलं की दोन गोष्टी होतात. एक तर सचिव कचरतात, कारण त्याच ग्रुपवर कोणाची थकबाकी, कोणाच्या कुत्र्याची तक्रार, असं बरंच खासगी चालू असतं. ते कचरणं रास्त आहे. किंवा मग ते चार संदेश फॉरवर्ड करतात, आणि त्याचा उपयोग फारसा नसतो. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर मूळ लिहिणाऱ्याचं नाव राहत नाही, मूळ वेळही राहत नाही. ‘चालेल’ असं फॉरवर्ड होऊन आलं, तर ते अध्यक्षांचं की कोणाचं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

त्यापेक्षा असं सांगा : “सर, रविवार रात्रीचे फक्त या तीन विषयांचे संदेश निवडून कॉपी करा आणि मला पेस्ट करून पाठवा.” एकाहून जास्त संदेश एकदम निवडून कॉपी केले, की पेस्ट करताना प्रत्येकाच्या आधी वेळ आणि नाव येतं. खासगी भाग त्यांच्याकडेच राहतो आणि तुम्हाला हवं ते मिळतं. स्क्रीनशॉटही चालतो, फक्त त्यात वेळ दिसते पण तारीख दिसेलच असं नाही. वरची तारखेची पट्टी धरून काढायला सांगा.

पूर्ण चर्चा द्यायला ते तयार असतील तर अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, मग `More`, मग `Export chat`. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टिचकी मारून खाली गेलं की `Export Chat` सापडतं. ग्रुपमध्ये `Advanced chat privacy` चालू असेल तर निर्यात होत नाही, तेव्हा कॉपी किंवा स्क्रीनशॉटचाच मार्ग. आणि ग्रुपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, २४ तास, ७ दिवस वा ९० दिवसांची, तर मागणी आजच करा. आठवड्याने मागाल तर द्यायला कदाचित काही उरलेलं नसेल.

निर्यात केलेली फाइल हातात आली म्हणजे सगळं आलं, असं मात्र समजू नका. ती साधारण अशी दिसते (नावांच्या जागी पदं घातली आहेत) :

```
08/03/2026, 9:38 pm - सचिव: <Media omitted>
08/03/2026, 9:41 pm - सचिव: वॉटरप्रूफिंग दुसऱ्यालाच देऊ
08/03/2026, 9:43 pm - सदस्य १: टाकी पुढच्या रविवारी?
08/03/2026, 9:44 pm - खजिनदार: गॅरंटी लिहून घ्या
08/03/2026, 9:46 pm - अध्यक्ष: चालेल
```

अध्यक्षांचं ‘चालेल’ कशाला आहे? फोनवर पाहणाऱ्याला कळतं, कारण तिथे त्यांनी कुठल्या संदेशाला उत्तर दिलं ते वर चौकटीत दिसतं. फाइलमध्ये ती चौकट येत नाही. ते ‘चालेल’ टाकीला असेल, ठेकेदाराला असेल किंवा गॅरंटी लिहून घेण्याला. ‘Media omitted’ म्हणजे बहुधा कोटेशनची पीडीएफ, पण कुठलं कोटेशन ते फाइल सांगत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, संदेशावर अंगठा दाबून दिलेला होकार या फाइलमध्ये उमटतच नाही. आपल्याकडे कमिटीची अर्धी संमती अंगठ्यावरच चालते. तेव्हा फाइल वाचून ‘फक्त दोघांनी होकार दिला’ असा निष्कर्ष काढू नका. खर्चाच्या संदेशाखालच्या अंगठ्यावर टिचकी मारून कोणाकोणाचे अंगठे आहेत, त्या यादीचा स्क्रीनशॉट सचिवांकडून वेगळा मागा.

पायरी तिसरी : चर्चा मिळालीच नाही तर

बहुतेक वेळा मिळत नाही. “अहो, कुठे शोधत बसू आता, मी सांगतोय ना,” असं उत्तर येतं. चिडू नका, मागेही लागू नका. आता वहीतल्या प्रश्नचिन्हांचा एकच संदेश करून पाठवा. एकेक प्रश्न सुटा पाठवलात तर पहिल्याचं उत्तर येईल आणि बाकीचे लोंबकळत राहतील. आणि प्रश्न असे विचारा की ‘हो’ किंवा एका आकड्यात उत्तर देता येईल. “हॉलबद्दल जरा सविस्तर सांगाल का?” याला उत्तर येत नाही. खालच्याला येतं :

“सर, मेलसाठी एवढंच हवंय.
टाकी : रविवार १५ की २२? खालची, वरच्या, की सगळ्या? पाणी बंद किती ते किती?
हॉल : दिवसाचं भाडं २,००० चं किती? आधी पैसे भरलेल्यांना जुना दर की नवा?
वॉटरप्रूफिंग : कोणाचं कोटेशन? ३,८५,००० जीएसटीसह का?
प्रत्येकाला होकार कोणाकोणाचा?”

सचिव रात्री दहाला रिक्षातून एका बोटाने उत्तर देतात : “15. सगळ्या. 10 ते 4. हॉल 3000. वॉप्रू हो 385. सगळे ओके.” हे उत्तर नीट वाचा. टाकीचं सगळं कळलं. हॉलचा आकडा कळला, जुन्या बुकिंगचं राहिलं. वॉटरप्रूफिंगला ‘हो 385’ आलं, पण ठेकेदार कोण आणि जीएसटीचं काय, ते तसंच आहे. ‘सगळे ओके’ हे सचिवांचं मत आहे. ते खरंही असेल, पण मेलमध्ये ‘सर्व सदस्यांनी मान्यता दिली’ असं लिहायला ते पुरत नाही.

पायरी चौथी : दुसऱ्या एकाला विचारा, पण चाचणी घेतल्यासारखं नको

ज्या विषयात पैसा आहे किंवा ज्यावरून भांडण होऊ शकतं, तो ग्रुपमधल्या आणखी एका माणसाकडून ऐकून घ्या. खजिनदार यासाठी उत्तम, कारण पैसे त्यांच्या सहीने जाणार असतात. विचारताना सचिवांचं उत्तर आधी सांगून “बरोबर ना?” असं विचारू नका, समोरचा शिष्टाचार म्हणून ‘हो’ म्हणून मोकळा होतो. “मॅडम, रविवारी वॉटरप्रूफिंगचं काय ठरलं, मेलमध्ये घ्यायचंय,” एवढंच विचारा आणि गप्प राहा.

आपल्या प्रसंगात ११ तारखेला खजिनदार म्हणतात : “टाकी १५ला, हो. वॉटरप्रूफिंगचं म्हणाल तर मी सांगितलंय, दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर लिहून देत असेल तरच. नाहीतर मी चेकवर सही करणार नाही.”

आता सचिवांच्या म्हणण्यानुसार काम दिलेलं आहे आणि खजिनदारांच्या म्हणण्यानुसार अटीवर दिलेलं आहे. इथे नवखे दोन चुकीच्या वाटांनी जातात. पहिली म्हणजे वरिष्ठ कोण ते पाहून त्याचं लिहायचं. दुसरी, आणि ती जास्त फसवी आहे, म्हणजे दोन्ही जुळवून एक वाक्य बनवायचं : “दहा वर्षांच्या हमीच्या अटीवर काम देण्याचे ठरले.” ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण असं ग्रुपवर कोणीच ठरवलेलं नाही, ते तुम्ही ठरवलंत. दोन माणसं दोन गोष्टी सांगत असतील, तर त्या विषयाचा निर्णय झालेला नाही, असंच धरून चाला. तुमचं काम फरक दाखवण्याचं, मिटवायचा तो कमिटीने.

पायरी पाचवी : पहिला मेल सभासदांना नाही, कमिटीला

खरं कौशल्य या मेलमध्ये आहे. यात दोन गोष्टी उघड लिहायच्या : चर्चा तुम्ही पाहिलेली नाही, आणि कुठली ओळ कोणाच्या सांगण्यावरून आहे. अनेकांना हे लिहायला संकोच वाटतो, आपण कोणावर अविश्वास दाखवतोय असं वाटतं. प्रत्यक्षात कमिटीतल्या लोकांना उलट बरं वाटतं, कारण त्यांना नक्की काय तपासायचं ते कळतं. नमुना असा :

> विषय : खातरजमेसाठी – ८ मार्चच्या ग्रुपवरील चर्चेतील तीन विषय (उत्तर गुरुवार, १२ मार्च, सायं. ६ पर्यंत)
>
> मा. व्यवस्थापन समिती सदस्य,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> ८ मार्च रोजी समितीच्या ग्रुपवर झालेले निर्णय सभासदांना कळवण्यास मा. सचिवांनी सांगितले आहे. ती चर्चा मी पाहिलेली नाही. खालील मजकूर मा. सचिव आणि मा. खजिनदार यांनी १० व ११ मार्च रोजी दिलेल्या माहितीवरून तयार केला आहे.
>
> १. टाक्यांची सफाई : रविवार, १५ मार्च. खालची टाकी आणि दोन्ही विंगच्या गच्चीवरील टाक्या. पाणी सकाळी १० ते दुपारी ४ बंद. (तारीख दोघांकडून, टाक्या आणि वेळ सचिवांकडून.)
>
> २. हॉलचे भाडे : १९ मार्चपासून दिवसाला २,००० ऐवजी ३,००० रुपये. (सचिवांकडून.) आधी पैसे भरलेल्या बुकिंगला कोणता दर, हे समजलेले नाही.
>
> ३. गच्चीचे वॉटरप्रूफिंग : सचिवांच्या माहितीनुसार ३,८५,००० रुपयांचे कोटेशन मान्य. खजिनदारांच्या माहितीनुसार १० वर्षांची लेखी हमी मिळाली तरच मान्य. रक्कम जीएसटीसह आहे का, हे समजलेले नाही. ठेकेदाराचे नाव कृपया कळवावे.
>
> विषय १ मध्ये दुरुस्ती नसल्यास तो तसाच सभासदांना कळवीन. विषय २ मधील राहिलेला मुद्दा कळल्यावर तोही कळवीन. विषय ३ समितीकडून लेखी स्पष्ट झाल्याशिवाय सभासदांच्या मेलमध्ये घेणार नाही.
>
> आपला,
> व्यवस्थापक

यातला शेवटचा परिच्छेद मुद्दाम तीन वाक्यांचा आहे. ‘ठरलेल्या वेळेत हरकत न आल्यास मान्य समजू’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. टाकीच्या वेळेसाठी ते चालतं. कोणी गप्प राहिलं आणि वेळ तासाभराने चुकली, तर फार बिघडत नाही. पण जिथे सोसायटीचे लाख रुपये जाणार आहेत तिथे गप्प बसण्याला होकार धरू नका. नऊ जणांच्या कमिटीतले दोघे प्रवासात असतात, एकजण मेल पाहतच नाही. खर्चाला लेखी ‘हो’ यायला हवा, तोही सभेत नोंद होईपर्यंतच्या सोयीपुरता. ग्रुपवरचं ‘ठरलं’ आणि इतिवृत्तातला ठराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉलचं भाडं वाढवणं कमिटीच्या अखत्यारीत येतं की सर्वसाधारण सभेच्या, हे तुमच्या सोसायटीच्या उपविधींत आणि आधीच्या ठरावांत पाहावं लागतं. ते पाहायचं काम सचिवांचं, पण विचारायचं तुम्ही.

विषयाच्या ओळीत ‘खातरजमेसाठी’ हा शब्द सुरुवातीलाच ठेवा. नाहीतर कोणीतरी हाच मेल उत्साहाने इमारतीच्या मोठ्या ग्रुपवर टाकतो आणि दहा मिनिटांत हॉलच्या भाड्यावरून रणकंदन सुरू होतं.

पायरी सहावी : सभासदांचा मेल

गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तरं येतात. टाकीला दुरुस्ती नाही. हॉलबद्दल अध्यक्ष लिहितात की उपविधी आणि आधीचे ठराव पाहिले आहेत, नवा दर १९ मार्चपासून होणाऱ्या कार्यक्रमांना, आणि ११ मार्चपर्यंत पैसे भरलेल्यांना जुनाच दर. सचिव त्याला ‘बरोबर’ म्हणतात. वॉटरप्रूफिंगवर खजिनदार आणि सचिव यांच्यात मेलवरच पाचसहा फेऱ्या होतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो. म्हणजे सभासदांच्या मेलमध्ये दोनच विषय.

> विषय : रविवार, १५ मार्च : सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद, हॉलचे नवे भाडे १९ मार्चपासून
>
> सर्व सभासदांस नमस्कार.
>
> रविवार, १५ मार्च रोजी खालची टाकी व दोन्ही विंगच्या गच्चीवरील टाक्या साफ केल्या जातील. सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील. कृपया १० पूर्वी लागेल तेवढे पाणी भरून ठेवावे. पाणी सुरू झाल्यावर सुरुवातीला थोडे गढूळ आल्यास नळ काही मिनिटे वाहू द्यावा.
>
> १९ मार्चपासूनच्या कार्यक्रमांसाठी हॉलचे भाडे दिवसाला ३,००० रुपये राहील (सध्या २,०००). ज्यांनी ११ मार्चपर्यंत पैसे भरले आहेत त्यांना जुनाच दर लागू राहील.
>
> व्यवस्थापन समितीच्या वतीने,
> सोसायटी कार्यालय

इथे ‘मी चर्चा पाहिलेली नाही’ लिहायची गरज नाही, कारण आता आधार चर्चेचा राहिला नाही, कमिटीने लेखी तपासलेल्या मजकुराचा आहे. ग्रुपचा उल्लेखही नको. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ठरल्याप्रमाणे’ असं लिहिलंत की ग्रुपमध्ये नसलेला प्रत्येकजण आधी विचारतो, आम्हाला का नाही घेतलं. कोण काय म्हणालं, कोणाचा विरोध होता, हेही सभासदांच्या मेलमध्ये येत नाही. विषयाच्या ओळीतच पाणी बंद असल्याची वेळ घातली आहे, कारण बरेच सभासद ओळ वाचून मेल मिटवतात. सगळे पत्ते `Bcc` मध्ये टाका. नाहीतर एकाने ‘सर्वांना उत्तर’ दाबलं की तुमचा शुक्रवार गेला.

वॉटरप्रूफिंगचं काहीच लिहायचं नाही का? माझा कौल ‘नाही’ला. ‘विषय विचाराधीन आहे’ असं लिहिलं की माहिती शून्य मिळते आणि फोन मात्र चाळीस येतात. अपवाद एकच : वरच्या मजल्यावर गळती चालू आहे आणि ते सभासद वाट पाहत आहेत, तर त्यांना तेवढ्यांना वेगळा दोन ओळींचा मेल, की कोटेशनं आली आहेत आणि विषय कमिटीच्या पुढच्या सभेत आहे. त्यात रक्कम नको, ठेकेदाराचं नाव नको.

सचिव म्हणाले, “आत्ताच्या आत्ता पाठवा”

कधीकधी पाचवी पायरी करायला वेळच नसतो. टँकर उद्या सकाळी येणार, लिफ्ट दुपारी बंद होणार. अशा वेळी ज्या गोष्टीला उशीर परवडत नाही तेवढीच गोष्ट पाठवा, एका विषयाचा मेल करून, आणि ‘मा. सचिवांच्या सूचनेनुसार’ असं सुरुवातीला लिहा. ते खरं आहे आणि तेवढंच तुम्हाला माहीत आहे. ‘समितीने ठरवले’ हे शब्द तेव्हा वापरू नका. उरलेले विषय रांगेत राहतात. वॉटरप्रूफिंगसारखं काम संध्याकाळच्या मेलविना अडत नाही, हे सचिवांनाही शांतपणे सांगितलं तर पटतं. पाठवण्याआधी मजकूर त्यांना एकदा दाखवा आणि त्यांचं ‘पाठवा’ हे उत्तर जपून ठेवा.

पाठवल्यानंतर

फाइलमध्ये चार कागद एकत्र लावा : फोनची वहीतली नोंद, सचिवांचं एका बोटाचं उत्तर, कमिटीची खातरजमा आणि सभासदांचा मेल. पुढच्या सभेच्या आधी यातून निघालेले विषय सचिवांना एका यादीत द्या, म्हणजे ते कार्यक्रमपत्रिकेत येतील आणि इतिवृत्तात नोंदले जातील. हॉलचं भाडं त्या नोंदीत वेगळ्या आकड्याने आलं, तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी दुरुस्तीचा मेल पाठवा. जुन्या मेललाच उत्तर म्हणून नको; नवा मेल, विषयात पहिला शब्द ‘दुरुस्ती’, आणि मजकुरात आधी काय कळवलं होतं व आता काय लागू आहे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. ज्यांनी मधल्या दिवसांत पैसे भरले त्यांची नावं पावतीपुस्तकातून काढून खजिनदारांकडे द्या. फरक परत करायचा की घ्यायचा हे त्यांच्याकडून लेखी आल्यावरच त्या सभासदांना फोन करा.